अम्मीचे गुडघे दुखत नव्हते

आमच्या घरात शरीराच्या काही भागांची नावं मोठ्याने घेत नाहीत. पोट दुखलं तर पोट म्हणतात, पाय दुखले तर पाय. पण कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या भागाला घरात जणू नावच नाही. तिथे काही झालं की बायका एकदम गुडघ्याचं नाव घेतात. मला हे माहीत होतं, तरी अम्मीच्या बाबतीत लक्षात यायला वेळ लागला.

साताऱ्यात आमचं गाद्यांचं दुकान आहे. अब्बा कापूस पिंजतात, गाद्या भरतात. अम्मी खोळी शिवते आणि गादीला टाके घालते. हे काम जमिनीवर बसूनच होतं. गादी समोर पसरायची, लांब सुई आरपार घालायची, दोरा ओढायचा, पुढे सरकायचं. दुकान खाली आणि घर वर. मधला जिना इतका उभा की नवीन माणूस कठडा धरल्याशिवाय चढत नाही. अम्मी मात्र हातात चहाची किटली घेऊन चढ-उतार करायची. ती लहान चणीची, चपळ बाई आहे.

तिला साखर आहे, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा डॉक्टरांकडे जाणं होतंच. रमजानच्या तोंडावर गेली तेव्हा रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. माझ्या मामाला पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅक आला होता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी रोज रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. रोज्यांच्या दिवसांत ते सोयीचंही होतं, रात्री जेवल्यावर गोळी.

रमजानमध्ये रात्रीच्या नमाजनंतर तरावीह असते, म्हणजे जादा नमाज. पुरुष मशिदीत पढतात, आम्ही घरी. उभं राहायचं, वाकायचं, जमिनीवर डोकं टेकवायचं, पुन्हा उभं राहायचं, असं कितीतरी वेळा. दरवर्षी सुरुवातीचे काही दिवस सगळ्यांचे पाय भरून येतात आणि नंतर सवय होते. त्यामुळे रमजान अर्धा होत आला तरी अम्मी कण्हत होती, याचं कुणालाच काही वाटलं नाही. अब्बा म्हणाले, वय झालं आता. पलूसची खाला, म्हणजे अम्मीची मोठी बहीण, फोनवर हसून म्हणाली की वर्षभर कुणी एवढी उठबस करत नाही, मग रमजानला वसुली होते.

मी अम्मीच्या शेजारी उभी राहून नमाज पढते. तेव्हा इकडे-तिकडे बघायचं नसतं, पण शेजारचं माणूस कसं उठतंय ते न बघताही कळतं. पूर्वी सजद्यातून, म्हणजे डोकं टेकवलं की, ती सरळ उठायची. आता आधी एक हात जमिनीला टेकायचा, मग दुसरा, मग क्षणभर ती तशीच थांबायची. एकदा ती उठायच्या आत माझ्या कुराणातल्या पुढच्या आयती म्हणून संपल्या होत्या.

ईद झाली. शीरखुर्मा संपला, पाहुणे गेले, तरावीह थांबली. दुखणं काही थांबलं नाही.

उलट आता ती जिन्यात मध्येच उभी राहायला लागली. गादीवरून उठताना माझा किंवा अब्बांचा हात मागायला लागली. एका संध्याकाळी मी तिला तेल चोळून देत होते. गुडघ्याला चोळलं तर म्हणाली, इथे नको, वर. जरा वर चोळलं तर म्हणाली, अजून वर. मी मांडी दाबली तेव्हा तिने डोळे मिटून श्वास सोडला. दुसरी मांडीही तशीच दुखत होती. गुडघ्याला तिने मला हातही लावू दिला नाही. मी विचारलं, मग गुडघा कुठे दुखतोय? ती म्हणाली, "अगं, तेच की. गुडघाच."

मी भिडस्त आहे. अनोळखी माणसाला फोन करायचा असला तरी आधी मनात वाक्यं जुळवते. पण वाचायला मला आवडतं, आणि इंग्रजी शाळेत घातल्याचा घरात तेवढा एक उपयोग मानतात: औषधाच्या खोक्यातला कागद माझ्याकडे येतो. तो मी त्या रात्री वाचला. त्यात डोकेदुखीपासून सगळंच होतं. स्नायू दुखणं, स्नायूंत अशक्तपणा हेही होतं. नेटवर पाहिलं तर निम्मे लोक म्हणत होते की गोळी विष आहे, आणि निम्मे म्हणत होते की दुखणं मनाचं आहे. मी फोन ठेवून दिला आणि जे मला स्वतःला माहीत होतं तेवढ्याचाच विचार केला. दुखणं गोळी सुरू झाल्यावर आलं. दोन्ही बाजूंना सारखं आहे. मोठ्या स्नायूंत आहे, सांध्यात नाही. आणि नुसतं दुखत नाही, जोर गेलाय. पडली नाही, धडपडली नाही, आणि ज्या कष्टावर आम्ही खापर फोडत होतो ते कष्ट तर संपले. लघवी चहासारखी काळपट होते का, असंही त्या कागदात होतं. ते मी अम्मीला कानात विचारलं. तिने मला चापट मारली आणि नाही म्हणाली.

गोळीचंच असेल, हे मला ठरवता येणार नव्हतं. पण डॉक्टरांना सांगण्याइतकं आहे, एवढं ठरवता येत होतं.

अम्मीचा बेत वेगळा होता, आणि तो खालाने दिलेला होता. खालालाही तशीच गोळी होती. गुडघे दुखतात म्हणून ती तिने कधीच सोडली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"बंद कर की गं त्या गोळ्या. मी सोडल्या, काय झालंय मला?"

"डॉक्टर विचारतील न्हवं," अम्मी म्हणाली.

"घेते म्हणायचं. ते काय घरी येऊन मोजणार हायत व्हय?"

अम्मीला हे पटलं होतं. भांडण नाही, तपासणी नाही, डॉक्टरांना वाईट वाटणं नाही. मी फोन बंद झाल्यावर एवढंच म्हणाले की मामालाही अटॅक येईपर्यंत वरून काही झालं नव्हतं. सुईत दोरा ओवायला तिने सुई माझ्याकडे दिली, म्हणजे तिला विचार करायचा होता. सकाळी म्हणाली, जाऊ, पण बोलायचं मीच.

डॉक्टरांकडे नेहमीची गर्दी होती. साताऱ्यात कुठल्याही दवाखान्यात बसलं तरी एक-दोन रिटायर्ड फौजी भेटतातच. आमच्या शेजारचे काका अख्ख्या बाकाला सांगत होते की तीस वर्षं फौजेत काढली, पण एक दिवस आजारी म्हणून सिक रिपोर्ट केलं न्हाई. त्यांची बायको पिशवी सावरत म्हणाली, "म्हणून तर आता रोज इथं येतासा." अम्मी पदराआड हसली. तिला हसताना बघून मला जरा धीर आला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी साखरेचं विचारलं, मग म्हणाले, बाकी काय भाभी? अम्मी म्हणाली, गुडघे दुखतात. डॉक्टर उठले, त्यांनी दोन्ही गुडघे दाबून, वाकवून बघितले. सूज नव्हती. वयाने थोडी झीज असते, म्हणाले, आणि लिहायला बसले. बहुतेक मलम आणि व्यायाम लिहीत असावेत. अम्मी समाधानाने माझ्याकडे बघत होती. तिच्या दृष्टीने सांगून झालं होतं.

मी मनात वाक्य जुळवलेलं होतं, पण ते दुसरं होतं, मोठं आणि नीटस. ऐनवेळी त्यातलं काहीच आठवलं नाही.

"डॉक्टर, गुडघे नाहीत. मांड्या," मी म्हणाले.

अम्मीने खाली बघितलं. तिचे कान लाल झालेले मला दिसले, आणि माझेही झाले असणार. पण एकदा तो शब्द निघाला आणि मग बाकीचं आपोआप आलं. दोन्ही मांड्या, आणि वर खुब्यांपर्यंत. नवी गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी. जमिनीवरून उठता येत नाही, जिन्यात थांबते.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. त्यांनी अम्मीला हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितलं. ती निम्मी उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदा उठली, पण झोका देऊन. मग त्यांनी भराभर विचारलं, ताप होता का, लघवीचा रंग कसा, मधे दुसरं कुठलं औषध, काढा, कुणी दिलेली पावडर काही घेतली का? अम्मी आता स्वतःच उत्तरं देत होती. तिला बहुधा वाटलं असेल, जे लपवायचं ते लेकीने सांगितलंच आहे.

"हे मला आधीच कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, पण रागावून नाही. "अंग दुखलं की ते गोळीचंच, असं नसतं. थायरॉईड असू शकतं, व्हिटॅमिन कमी असू शकतं, कष्टाचं असू शकतं. पण जोर कमी झालाय म्हटल्यावर बघायलाच पाहिजे."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं: स्नायूंचं सीपीके, थायरॉईड, किडनी, लिव्हर. ती एक गोळी मी सांगेपर्यंत बंद ठेवा, म्हणाले, साखरेच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. लघवी काळपट झाली, ताप आला किंवा अशक्तपणा वाढला तर नंबर लावत बसू नका, त्याच दिवशी या. अम्मीने खालाचं नाव न घेता विचारलं, कुणी आपल्या मनानेच बंद केली तर? डॉक्टर म्हणाले की मग दुखणं थांबतं, पण ज्यासाठी गोळी होती ते तसंच राहतं, आणि आम्हा डॉक्टरांना वाटतं की पेशंट सुरक्षित आहे.

सीपीके वाढलेलं निघालं, घाबरण्याइतकं नाही. बाकी सगळं ठीक होतं. गोळी थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, आणि मला वाटलं, आपण उगाच बोललो. मग हळूहळू अम्मीचा जिन्यातला मुक्काम कमी झाला. महिना उलटल्यावर दुसरं सीपीके जागेवर आलेलं होतं आणि अम्मी अब्बांना ओरडत खाली-वर करत होती. तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारची गोळी, अगदी कमी ताकदीची, सुरू केली. ही बहुतेकांना सोसते, म्हणाले, नाही सोसली तर अजून रस्ते आहेत.

आता ती गोळी सुरू आहे आणि कोलेस्टेरॉलही उतरलंय. मध्यंतरी एका सकाळी अम्मी खांदा धरून बसली होती. अब्बा लगेच म्हणाले, डॉक्टरांना फोन लाव. अम्मीने त्यांना थांबवलं. एकच खांदा होता, उजवा, आणि आदल्या दिवशी तिने लग्नाच्या ऑर्डरच्या गाद्यांना दिवसभर टाके घातले होते. दोन दिवस बघू, म्हणाली, दुसराही दुखला तर जाऊ. दुसरा दुखला नाही.

परवा पलूसहून खाला आली होती. दुपारी दोघी बहिणी नव्या गादीवर लवंडल्या होत्या. अम्मी तिला समजावत होती की तूही तुझ्या डॉक्टरांना सांग, गोळी बदलून मिळते. खाला म्हणाली, जाईन की, पण डॉक्टर पुरुषमाणूस हाय, काय सांगू त्याला?

"मांड्या म्हणायचं," अम्मी म्हणाली, चांगलं मोठ्याने. खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी उठून दार लावून घेतलं.