मानाजींची नाचरी टाच

देवासच्या मराठा घरांत लग्न निघालं की नवऱ्या मुलाआधी मानाजी शितोळ्यांची तारीख विचारतात. साफा बांधावा तर मानाजींनीच. खुर्चीवर बसायचं, चवडा जमिनीला टेकवून टाच उचलायची, गुडघा वर घ्यायचा आणि त्या गुडघ्याला नवरदेवाचं डोकं समजून कापड गुंडाळायचं, ही त्यांची पद्धत. गुडघ्यावर इतकी डोकी बसवली, पण स्वतःच्या डोक्यात कुणाचं काही शिरू दिलं नाही, असं उमाबाई म्हणत. बायकोच ती, म्हणायचा तिला हक्क होता.

पाठ दुखायला लागून बरेच दिवस झाले होते. संध्याकाळी बारीक कणकण यायची, सदरा सैल होत चालला होता. सुरुवातीला एक एक्स-रे काढला, तो साफ निघाला. त्या साफ एक्स-रेच्या भरवशावर मानाजी पाठीला शेला करकचून बांधून हिंडत राहिले. शेवटी हाटपिपल्याच्या रणवीर पहिलवानाकडे जायचं ठरलं. पहिलवान पाठीवर पाय देऊन उभा राहतो, कट्कन् आवाज येतो आणि माणूस मोकळा होतो, अशी ख्याती.

रविवारी पहिलवान, म्हणून शनिवारी धारच्या लग्नाचं काम उरकून घेतलं. मांडवात गुडघ्यावर साफा चढवताना त्यांची टाच आपोआप उडायला लागली. टप् टप् टप् टप्. थांबेचना.

"क्या बात है भिया, काकांची टाच तर बँडबाज्याच्या आधीच सुरू!" नवरदेवाचा मित्र ओरडला. सगळे हसले. मानाजीही हसले. "माझा साफा तालावर बसतो रे," म्हणाले.

हसली नाही ती फक्त मेधा. त्यांची भाची, देवासला डॉक्टर, लग्नाला आलेली. ती सरळ खाली बसली.

"मामा, हे कधीपासून?"

"काय? नाच होय? आठवड्याभरापासून."

तिनं त्यांचा पाय हातात घेतला आणि चवडा झटक्यानं वर ढकलून धरला. पाऊल तिच्या हातात फडफडत राहिलं. मग तिनं दोन्ही पाय आपल्या हाताविरुद्ध रेटायला लावले. जोर होता. पाठीवरून बोट फिरवलं तेव्हा एका मणक्यावर मानाजी कळवळले. शेजारी मऊशी सूज होती.

"ती चरबी आहे गं," सोबत आलेल्या उमाबाई म्हणाल्या. "ना लाल, ना गरम."

"काही आजारांत पू असा थंडच साठतो, हीच तर भीती आहे मामी. उद्या पहिलवान बिहिलवान काही नाही. पाठीवर कुणी पाय ठेवायचा नाही. आजच एमआरआय."

"एक्स-रे साफ होता ना पण?" मानाजी चिडले.

"हाड बरंच झिजल्याशिवाय एक्स-रेला पत्ता लागत नाही, मामा. एमआरआयला आधी लागतो."

देवासला यंत्राच्या बोगद्यात ठकठक ऐकत मानाजी पडून राहिले. नंतर मेधानं त्यांना पडद्यासमोर बसवलं. स्वतःची पाठ स्वतःला कधी दिसत नाही. ती अशी उभी चिरलेली, करड्या रंगात समोर उभी राहिली.

मणके एकावर एक नीट रचलेले. मधे चकत्या. आणि मध्यावर गोंधळ. दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा कुरतडलेल्या, मधली चकती जवळजवळ संपलेली.

"हाडाचा टीबी दिसतोय," मेधा म्हणाली. "सुईनं नमुना घेऊन पक्कं करू. आणि हे पांढरं बघा, हा पू. मणक्यांच्या पुढून खाली ओघळलाय, थोडा मागेही घुसलाय. ही करडी दोरी म्हणजे मज्जारज्जू. तुमचे दोन्ही पाय हिच्यावर चालतात. पू तिला टेकलाय, म्हणून टाच नाचते."

मानाजी त्या करंगळीएवढ्या दोरीकडे पाहत राहिले. जन्मभराची सगळी चाल, मांडवातली सगळी धावपळ, एवढ्याशा दोरीवर?

"आणि पहिलवान?"

मेधानं कुरतडलेल्या मणक्यांवर बोट ठेवलं आणि ते तसंच दोरीपर्यंत सरकवत नेलं. मानाजींनी शेला सोडून त्याची घडी घातली.

नमुन्यात टीबीच निघाला. सर्जन म्हणाले, पायांत जोर शाबूत आहे, गोळ्या सुरू करू, पट्टा बांधा, पडून राहा; जोर कमी वाटला तर त्याच दिवशी ऑपरेशन. मग रोज सकाळी उमाबाई तळव्याला हात लावून म्हणत, "रेटा." मानाजी रेटत. त्या तोल जाऊन मागे पडल्याचं सोंग करत. एवढं झालं की दोघंही चहा घेत.

महिने लोटले. दुसऱ्या एमआरआयमध्ये पू आटला होता, दोरीभोवती नेहमी असते ती पाण्याची पांढरी किनार पुन्हा दिसत होती. गोळ्या अजून बऱ्याच बाकी होत्या, पण बसून साफा बांधायला मेधानं हरकत घेतली नाही.

मानाजी खुर्चीवर बसले. चवडा टेकवला, टाच उचलली, गुडघ्यावर कापडाचा पहिला वेढा घेतला आणि थांबले. उमाबाईही टाचेकडेच पाहत होत्या.

टाच जागच्या जागी, गप्प.

"मेली, आता तालही धरत नाही," मानाजी पुटपुटले, आणि डोळे पुसायला साफ्याचंच टोक घेतलं.