अजून फुंका, मामा

माझ्या नोकरीत ओरडणं हेच काम आहे. जुळे सोलापूरच्या एका छातीच्या दवाखान्यात मी फुंकायची मशीन चालवते. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग सगळा जोर लावून ओरडायचं, "फुंका! जोरात! अजून, अजून, सोडू नका!" माणूस लाल होईपर्यंत ओरडायचं. बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटतं आत भांडण चाललंय. शिक्षक, पोलीस, सरकारी साहेब, कुणालाही मी सोडलेलं नाही. सोडलं ते एकाच माणसाला, आणि ते माझे सासरे.

मामांची सगळी हयात यंत्रमागावर गेली. मोहोळकडचं गाव सोडून ते पोरवयातच सोलापुरात आले आणि टॉवेलच्या कारखान्यातच रमले. घरी यायला दोन जिने, पण ते तिसऱ्या पायरीवरच थांबायचे, कठड्याला धरून उभे राहायचे. आईला दमा होता, म्हणून आपल्यालाही दमाच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. बिडी ते ओढत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझ्यासमोर नाही. जिन्याखाली जाऊन ओढायचे, वर येताना बडीशेप चघळायचे. मी वास आल्याचं दाखवत नसे. सुनेनं दाखवायचं नसतं.

नवऱ्यानं खूप मागे लागून त्यांना दवाखान्यात आणलं. तपासणीच्या खोलीत मीच. दुसरं कुणी ती मशीन चालवत नाही. दार लावलं आणि सहा बाय आठच्या खोलीत मी, सासरे आणि ती नळी. त्यांच्या नाकाला मी चिमटा लावला. ज्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोलले नाही, त्यांच्यावर ओरडायचं?

"मामा, जरा जोरात फुंका," मी म्हणाले. पाहुण्यांना अजून एक पोळी घ्या म्हणतात तशा आवाजात.

त्यांनी फुंकलं. औषधाआधी पहिल्या सेकंदात एक पूर्णांक तीस लिटर हवा बाहेर आली, एकूण दोन लिटर. पहिल्या सेकंदातल्या हवेला एकूण हवेनं भागायचं, त्याला आम्ही रेशो म्हणतो. तो पासष्ट टक्के. सत्तरच्या खाली आला की श्वासनळ्या अडल्या आहेत असं धरतात. मग तोंडात फवारायच्या पंपातून औषधाचे चार डोस देऊन पंधरा मिनिटं थांबलो. दोघंही भिंतीकडे बघत बसलो. परत फुंकताना तीन सेकंदांतच त्यांनी नळी तोंडातून काढली. पुढच्या दोन्ही वेळा तेच. पहिल्या सेकंदाची हवा एक पूर्णांक बावन्न झाली, एकूण जेमतेम दोन पूर्णांक सहा शतांश. रेशो चौऱ्याहत्तर.

स्क्रीनवर रेघ अर्ध्यातूनच सरळ खाली पडली होती, कुणी कात्रीनं कापावी तशी. मशीननं 'श्वास अपुरा' असं लाल अक्षरात दाखवलं. इतर कुणी असतं तर मी दहा वेळा फुंकायला लावलं असतं. त्या दिवशी मी 'ठीक' दाबलं आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. औषधानं हवा दोनशे मिलीहून जास्त वाढली, टक्केवारीतही भरपूर, आणि रेशो सत्तरच्या वर गेला. "दमा दिसतो," ते म्हणाले. मग विचारलं, "बिडी, सिगारेट?"

"न्हाय साहेब," मामा म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरमधला कागद सरळ करत राहिले. देवा, तो कागद किती वेळ सरळ करत होते मी!

घरी मामा खूश. "दमाच हाय. आईचाच हाय. त्यो काय बिडीनं होत न्हाय." पंप सुरू झाला आणि जिन्याखालची बडीशेपही वाढली. मला कळत होतं. हवा पूर्ण सोडली नाही की एकूण आकडा खोटाच कमी येतो आणि रेशो खोटाच चांगला दिसतो. नळ्या अडल्या की स्क्रीनवरच्या रेघेत खळगा पडतो. दम्याच्या नळ्या पंपानं मोकळ्या होतात आणि तो खळगा भरून येतो. बिडीनं आणि धुळीनं कायमच्या बिघडलेल्या फुप्फुसात तो खळगा पंपानंतरही तसाच राहतो आणि रेघेची शेपटी लांबत जाते. मामांची शेपटी मीच छाटली होती. पण हे कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं तर बिडीचं सांगावं लागणार. सरांना सांगितलं तर नोकरीचं काय? शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकत त्या घरात मी मुकी होऊन बसले. धड गिळता येईना, धड थुंकता येईना.

दोन महिन्यांनी मामा पहिल्याच पायरीवर बसले. ओठ काळपट पडलेले. रिक्षातून त्यांना आणलं, वाफ दिली, तेव्हा श्वास शांत झाला. डॉक्टर म्हणाले, "चार दिवसांनी परत फुंकायला आणा. पंपाने एवढ्यात सुधारायला हवं होतं."

त्याच दिवशी मी जुना कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि कापलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "सर, हे मी स्वीकारायला नको होतं."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेरा का नाही लिहिलास?" त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

चार दिवसांनी परत तीच खोली, तेच दार. आकडे खरे यावेत म्हणून सकाळचा पंप मी घेऊ दिला नव्हता. औषधाआधीच्या चाचण्या झाल्या, औषध दिलं, पंधरा मिनिटं गेली. मामांनी नळी तोंडात धरली.

"फुंका!" मी ओरडले. ते दचकले. "अजून! अजून मामा! सोडू नका! सोडायचं नाही म्हणते ना! आणखी!" माझे डोळे भरून आले होते आणि आवाज चिरकला होता. बाहेरून नवऱ्यानं दार अर्धं उघडलं, मी पायानं लोटून बंद केलं. सहा सेकंद, आठ, दहा. मामांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. स्क्रीनवरची रेघ टोकावरून आत कोसळली, खोल खळगा करून आडव्या रेषेशी हळूहळू घसरत कितीतरी लांब गेली. तेरा सेकंद. तिन्ही वेळा जवळपास तेच.

पहिल्या सेकंदात तेवढीच, एक पूर्णांक बावन्न. एकूण दोन पूर्णांक एक्क्याऐंशी. रेशो चौपन्न. पंपानंतरसुद्धा.

"हा दमा नाही," डॉक्टर म्हणाले. "सीओपीडी आहे, धुरानं-धुळीनं फुप्फुसं कायमची बिघडलीत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं." मग त्यांनी पुन्हा विचारलं, "बिडी?"

मामांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "ओढतात. रोज. मला माहीत आहे." नवरा वडिलांकडे बघत राहिला. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

रिक्षातून घरी निघालो. घराजवळच्या वळणावर मामांनी खिशातलं बंडल काढून माझ्या हातात दिलं. मी ते पिशवीत टाकलं. ते बाहेर बघत म्हणाले, "दमाच हाय म्हनलं म्हणून दोन म्हैने बिनघोर वडत हुतो. पैल्याच दिशी वरडायचं हुतंस की गं, पोरी."