आईची तारीफ, पान दोन

गुढ़ियारीतल्या आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसात पत्रकं लिहिण्याचं काम माझं. ऑटिझमवरचं एक पत्रक लिहायला घेतलं आणि लक्षणांची यादी निम्मी माझ्याच घरची निघाली. तेव्हाच आमचे सेक्रेटरी भैया मला उद्धट ठरवून मोकळे झाले होते. "हो सके तो आज पर्चा देख लेना," असं ते एका पत्रकाबद्दल म्हणाले होते. शक्य नव्हतं, म्हणून मी पाहिलं नाही. यात उद्धटपणा कुठला, हे मला आजही कळलेलं नाही. मी यादीतली शंका सांगितली, तर भैया म्हणाले, "या तो जाँच की रिपोर्ट लाओ, या दूसरा काम देख लो।"

म्हणून समता कॉलोनीतल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे गेले. बालपणाची माहिती द्यायला आई लागणार होती. आईने हे प्रकरण मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम समजून घेतलं. चांगली साडी, डब्यात चिवडा, आणि रिक्षात मला ताकीद: "जास्त बोलू नोको."

"लहानपणी इतर मुलांत खेळायची का, काकू?"

"कोणाले त्रास नाही पाहा मॅडम. एका कोपऱ्यात बसून दिवसभर बाटल्यांची झाकणं रांगेत लावे."

"कोणी एखादं हलवलं तर?"

आईने चिवड्याचा डबा पुढं सरकवला. "तर संध्याकाळपर्यंत जेवे नाही. पण जिद्दी लोकच पुढं जातात ना. आणि हुशार किती. हिचे बाबा रेल्वेत, तर चार वर्षांची असताना गाड्यांचं टाइमटेबल पाठ. पाहुणे उठून गेले तरी म्हणून राहिली होती."

मॅडम लिहून घेत होत्या. आई मला डोळ्यांनी सांगत होती, पाहा, पसंत पडली.

मग प्रश्नावली. 'मला लोकांत मिसळायला आवडतं': सहमत की असहमत? मोर्चा धरायचा का? कोणते लोक, मालक की मजूर? प्रत्येक विधानाशेजारी मी हरकत नोंदवली आणि जिथे मोर्चा बसत होता तिथे 'सहमत' लिहिलं. गुण ठरलेल्या रेषेच्या खाली आले. झालं, मला वाटलं. आता भैया म्हणतील, बीमारी नहीं, बदतमीज़ी है. पुढच्या बैठकीत चित्रावरून गोष्ट सांगायची होती. चित्रातला मजूर हेल्मेटशिवाय शिडीवर चढला होता. गोष्ट राहिली बाजूला, मी सुरक्षेच्या नियमांवर बोलत सुटले.

दोन आठवड्यांनी मॅडमनी कच्चा अहवाल समोर ठेवला. पत्रकात मागणी आधी येते, म्हणून मी थेट शेवटचं पान उघडलं. त्यांनी ते मिटलं. "पहिल्यापासून. नाहीतर निष्कर्ष कशावर उभा आहे ते कळणार नाही."

पान एकवर मी का आले आणि माहिती कोणाकोणाकडून घेतली. दोनवर आईची मुलाखत. मग निरीक्षण, मग चाचण्या. निरीक्षणात लिहिलं होतं: 'परीक्षकाने कालच प्रवासातून आल्याचा उल्लेख करून थोडा वेळ थांबून पाहिलं. एकही प्रश्न आला नाही.'

"हे काढा," मी म्हटलं. "तुम्ही प्रवासाला जाऊन आलात. त्यात विचारायचं काय?"

"तारीख, शिक्षण चुकलं असेल तर दुरुस्त करते. मी पाहिलेलं राहील. तुझं म्हणणं शेजारी लिहू?"

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. समासात जागा पुरेना.

"पण गुण तर कमी आहेत," मी अखेर म्हटलं. "तेवढ्यावर मला घरी बसवतील."

"गुण लपवणार नाही. पण इथं बेरीज-वजाबाकी करून सरासरी काढायची नसते. तिन्ही ठिकाणचं एकमेकांशी का जुळतं आणि कुठं जुळत नाही, ते लिहायचं असतं."

एकत्रित विचाराचं पान मी दोनदा वाचलं. प्रश्नावलीचे गुण कमी. पण विधानं शब्दशः घेतल्याचं समासातल्या हरकतींवरून दिसतं, म्हणून या आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. आईच्या मते मुलीत काहीच अडचण नाही. मात्र तिने सांगितलेले प्रसंग तिच्या मतापासून वेगळे काढून पाहिले आहेत. झाकणं, टाइमटेबल, ते न विचारलेले प्रश्न: लहानपणापासून आजवर एकच धागा. लोकांत गेल्यावर भीती वाटते असं मी सांगितलं होतं, पण तेवढ्याने चार वर्षांच्या मुलीचं वागणं उलगडत नाही. शाळेचे कागद मिळाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदलं होतं. निष्कर्ष: ऑटिझम.

म्हणजे मला वाचवलं होतं आईच्या तारिफेनं. घरी तिने अहवाल चाळला आणि हिरमुसली. "स्वयंपाक येते हे काहून नाही लिहिलं?"

"मला येत नाही, आई."

"मी तर सांगतलं होतं."

ऑफिसला मॅडमनी माझ्या संमतीने एकच पान दिलं, निष्कर्ष आणि शिफारशींचं. तुझी झाकणं त्यांना कशाला, म्हणाल्या. भैयांनी ते उभ्याउभ्या वाचलं: काम लिहून द्यावं, वेळ स्पष्ट सांगावी. दुसऱ्या कामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी होती: 'भनपुरीवाला पर्चा, हो सके तो आज पाँच बजे तक।' त्यातलं 'हो सके तो' त्यांनीच खोडलं होतं. मी चार चाळीसला पर्चा नेऊन दिला, आणि मॅडमनी शिफारस केलेली नसतानाही विचारलं, "भैया, कल का दिन कैसा रहा?"

भैया घाबरून खुर्चीत सरळ बसले.