माझी काचेची बरणी आणि मॅडमचं गोणपाट

जळणारा माणूस ओळखायचा असेल तर तो दुसऱ्याच्या पोस्टखालचे अंगठे मोजताना सापडतो का ते पाहावं. भर मे महिन्यात, अकोल्याच्या आमच्या शेती सल्ला केंद्रात, कुलरसमोर खुर्ची ओढून मी तेच करत होतो. नव्या मॅडमच्या पोस्टला त्रेसष्ट अंगठे होते. माझ्या आदल्या दिवशीच्या पोस्टला हसरे चेहरे भरपूर, अंगठे अकरा. त्यातला एक माझाच, दुसऱ्या नंबरवरून.

मी काही साधा माणूस नव्हतो. अमरावतीहून रोज बडनेऱ्याला गाडी पकडून येणारा, गावोगाव सभा गाजवणारा. माझी कीर्ती एका काचेच्या बरणीवर उभी होती. टेबलावर बरणी ठेवायची, पाणी ओतायचं, मूठभर सोयाबीन सोडायचं, आवाज पार खाली आणायचा आणि मग गरजायचं, “बुडालं ते उगवणार, तरंगलं ते घर बुडवणार!” टाळ्या. म्हाताऱ्या माणसांनी ही ओळ नातवांकडून पाठ करून घेतली होती.

त्यात चांदूर रेल्वेची ही मॅडम रुजू झाली. माझी नोकरी जेवढ्या वर्षांची, जवळजवळ तेवढंच तिचं वय. केंद्रप्रमुखांनी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांचे गैरसमज दूर करण्याचं काम आम्हा दोघांना वाटून दिलं. पेरणीच्या तोंडावर मात्र कोणा एकाच्याच पोस्ट जातील, असंही सांगितलं. मला निकाल माहीत होता. म्हणजे मला वाटत होतं की माहीत आहे.

माझी पोस्ट अशी: “कोण म्हणतो घरचं सोयाबीन पेरू नये? ज्यानं डोकं घरी ठेवलंय तो!” लोक पोट धरून हसले आणि दुकानात जाऊन नवी थैली घेऊन आले.

तिची पोस्ट तीन तुकड्यांची. “असं म्हणतात: सोयाबीनचं बियाणं दरवर्षी नवंच घ्यावं लागतं. हे उगाच नाही म्हणत. संकरित कपाशीचं खरंच तसं असतं. पण सोयाबीनचं फूल आपल्याच परागानं फळतं, त्यामुळे घरच्या चांगल्या बियाण्यात वाण टिकून राहतो.” मग “आम्ही पाहिलं”, आणि खाली फोटो: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, त्यातल्या ब्याऐंशी दाण्यांना सरळ धड कोंब. शेवटी “म्हणून: शंभर दाणे न निवडता घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, आठवडाभरानं मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर निश्चिंत पेरा.”

“मॅडम, यात मजा कुठंय?” मी विचारलं.

“मजा तुमच्याकडे सर. मी आपलं नुसतं लिहिते.”

आता यावर माणसानं रागवावं तरी कसं? मी घरी जाऊन बायकोवर रागावलो.

पुढच्या सोमवारी एक काका पिशवीत बियाणं घेऊन केंद्रात आले. माझे जुने भक्त. माझ्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत.

“साहेब, तुमच्या बरणीनं पायलं. सारं बुडालं. पेरासाठी काढून ठेवलं व्हतं. आता पोरगा म्हणते, मॅडमची पोस्ट वाच, गोणपाटात घालून पाय. मी कोनाचं ऐकू? आठ एकराचा प्रश्न हाय.”

केंद्रप्रमुख दारात उभे. मॅडम माझ्याकडे पाहते आहे. माझी बरणी कपाटात, काकांची श्रद्धा टेबलावर.

“काका, सरांच्या पद्धतीनं बुडालेले शंभर घेऊ,” ती म्हणाली, “आणि पिशवीतले तसेच, न निवडलेले शंभर. दोन्ही ठेवू गोणपाटात. मोजायचं मात्र सरांनीच.”

मी छाती काढून म्हणालो, “ठेवा! आणि मोजताना सगळ्यांना बोलवा.” मनात म्हटलं, पोरी, आता तुझे अंगठे कापले गेले.

बुडालेले शंभर वेगळे काढले आणि लगेच दोन्ही गुंडाळ्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवल्या. माझ्या गुंडाळीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. दुपारी कोणी नाही असं पाहून मी लाल दोऱ्यावर ओंजळभर पाणी जास्त शिंपडलं. बाळाला जरा सांभाळावं, एवढाच हेतू.

“सर, जास्त पाण्यानं सोयाबीन सडतं,” मागून आवाज आला. “आणि दोन्हीला सारखंच पाहिजे ना, नाहीतर आपल्याला कळणार कसं?”

हे कोणाला सांगितलं नाही तिनं. फक्त पाणी शिंपडायचं काम काकांना दिलं. काका पाच मैलांवरून रोज येत आणि दोन्ही गुंडाळ्यांवर मोजून पाणी मारत, जणू दोन सुनांना सारखं वाढत होते.

सातव्या दिवशी गोणपाट उलगडलं. मी बाह्या सरसावल्या आणि बोट ठेवत मोठ्यानं मोजू लागलो. चाळीसपर्यंत माझा आवाज सभेतला होता. पन्नासला घरातला झाला. बुडालेले चोपन्न उगवले. न निवडलेले छप्पन्न.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा चोपन्न.

“म्हणजे बुडाल्यानं काई समजतच नाई?” काका म्हणाले.

“पोकळ बी असेल तर समजतं,” मॅडम म्हणाली. “धानात तसं पाहतातच. पण सोयाबीनचं साल पातळ. पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो, आणि दुखावलेला दाणाही बुडतो. काका, पोती कशी उतरवली होती?”

काकांनी टोपी काढली. “ट्रॅक्टरवरून फेकली साऱ्यांनी. आन् छतापर्यंत थप्पी लावली.”

“मग हे पेरण्यात धोका आहे. दुसरं कुठलं आहे?”

“भावाकडं हाय. त्याचं खाली, लाकडी फळीवर, एकावर एक चारच पोती.”

“त्याचेही शंभर आणा. बरणी नको, गोणपाट.” हे वाक्य मी बोललो. का बोललो देव जाणे. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि स्टेज रिकामं सोडायची मला सवय नाही.

दुपारी पोस्ट गेली. “असं म्हणतात: पाण्यात बुडालेलं सोयाबीन चांगलं उगवतं. पोकळ धान तरंगतं, त्यावरून हा विचार येणं साहजिक आहे. आम्ही पाहिलं: आमच्या केंद्राच्या जाणत्या सरांनी सगळ्यांसमोर दोनदा मोजलं. शंभरातले बुडालेले चोपन्न उगवले, न निवडलेले छप्पन्न.” फोटोत माझाच हात, अंगठीसकट. “म्हणून: बियाणं बरणीत नको, गोणपाटात तपासा. आणि पोतं आपटू नका.”

केंद्रप्रमुखांनी पेरणीपर्यंतच्या सगळ्या पोस्ट तिच्याकडे दिल्या. मी मान डोलावली आणि परतीच्या गाडीत बसलो. ग्रुपवर माझं कौतुक चालू होतं. “साहेबानं सोता मोजून सांगितलं.” “साहेबाचं काम पक्कं राह्यते.” मी खिडकीशी बसून एकेक वाचत होतो, शेजाऱ्याला दाखवत होतो, फुलत होतो.

मूर्तिजापूर गेलं आणि माझ्या डोक्यात हळूच उजेड पडला. बरणीची गोष्ट या जिल्ह्यात कोणी पसरवली, ते त्या पोस्टमध्ये कुठंच नव्हतं. माझा समज चव्हाट्यावर आला, तपासला गेला, मोडला गेला, आणि मी तासभर खुशीत होतो. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाची चूक अशी सुधारली नव्हती की तो हसत घरी जाईल. मी इतका जळलो की शेजाऱ्यानं विचारलं, “तब्येत बरी हाय ना भाऊ?”

पोस्टला एकशे बारा अंगठे होते. मी एकशे तेरावा दिला. काढला. बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली तेव्हा पुन्हा दिला, खऱ्या नंबरवरून, आणि पुन्हा काढायच्या आत मोबाइल खिशात घालून टाकला.