वाक्य डोंगराचं होतं, रेघेचं नव्हतं

कॉलेजात चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि एका वाक्याला कायम शून्य दिलं: "खरा आकडा या इंटरव्हलमध्ये, म्हणजे या दोन टोकांच्या मध्ये, असण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के." हात इतका सरावला होता, की गेल्या वर्षी तो चुकीच्या माणसावर पडला.

आमच्या आळीतली एक मुलगी मत्स्यशास्त्रात संशोधन करते. मालवण बंदरावर उतरणाऱ्या बांगड्यांत पिल्लं किती, ते मोजते. प्रबंधातल्या एका आकृतीचा फोटो तिने मला पाठवला. डावीकडे पोस्टेरिअरचा, म्हणजे मोजणीनंतर उरलेल्या शक्यतांचा, डोंगरासारखा आलेख, मधला भाग रंगवलेला. उजवीकडे जुन्या पद्धतीच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलची साधी रेघ. खाली तेच वाक्य! मी फोटोवरच लाल अक्षरांत 'चूक' लिहिलं आणि तिच्या मार्गदर्शकांनाही पाठवून दिलं. त्यांनी प्रबंधाचं ते प्रकरण दुरुस्तीसाठी तिला परत केलं.

दोन दिवसांनी फोटो मोठा करून पाहिला. वाक्यापासून निघालेला बाण डोंगराच्या रंगवलेल्या भागाकडे जात होता. मी गप्प बसलो. दोन महिने.

प्रबंध द्यायची मुदत आठवड्यावर आली आणि तिने ते वाक्य खोडल्याचं कळलं, तेव्हा बायकोला सगळं सांगितलं.

"दोनव सारखेच दिसतत," फोटो बघत ती म्हणाली. "फरक तो काय?"

"रेघ म्हणजे पाण्यात टाकलेलं जाळं. मासा जागचा हलत नाही, जाळं दरवेळी वेगळं पडतं. असं पुन्हा पुन्हा टाकलं, तर शंभरातून साधारण पंच्याण्णव वेळा मासा आत सापडतो. पण आत्ता पडलेल्या जाळ्यात तो आहे किंवा नाही. त्याला शक्यता चिकटवता येत नाही."

"आणि डोंगर?"

"मागच्या हंगामांवरून काय वाटत होतं, ते ती आधीच मांडते. त्यात यंदाची मोजणी मिसळते. मग खरा आकडा कुठे असण्याची किती शक्यता उरते, त्याचा तो डोंगर. रंगवलेला भाग क्रेडिबल इंटरव्हल. तिथे पंच्याण्णव टक्के म्हणता येतं. आधीचा अंदाज भलताच असेल तर डोंगरही भलतीकडे जाईल, पण तो अंदाज तिने लपवलेला नाही."

"म्हणजे चूक तुमची आणि खोडता ता पोर! इतकी वर्सा पोरांका शून्य दिलास, आता एक सोताक घेवा."

त्याच फोटोवर, त्याच लाल रंगात मी लिहिलं: "चूक माझी. वाक्य डोंगराचं आहे, रेघेचं नाही. ते परत घालावं." आणि त्याच दोघांना पाठवलं. मार्गदर्शकांचं उत्तर आलं, "मान्य. वाक्य राहू दे."

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "सर, बाण जरा ठळक केलाय. तुमच्यासाठी."

बायको अजून हसते आहे.