सगळ्यांत मोठं वर्तुळ

आमच्या खालापूरच्या कॉलेजात खतीजा मॅडम सत्तावीस वर्षं लायब्ररी सांभाळतायत. पुस्तक परत करायला गेलं की विचारतात, "वाचलंस की नुसतं हिंडवून आणलंस?" मला आधी रागच यायचा. आता मीही माझ्या वर्गातल्या पोरांना हेच विचारते, मेलं वळण लागलं ते लागलं.

माझी पीएचडी भाताचं बियाणं पेरण्याआधी भिजवण्यावर. पहिला पेपर म्हणजे आजवरच्या संशोधनाचा नकाशा. डेटाबेसमधून चारशे बारा पेपर उतरवले, सॉफ्टवेअरात घातले आणि रंगीत गोळे तयार. एका नकाशात कीवर्ड होते. एकाच पेपरात बरोबर येणारे शब्द जवळ, त्यांचे चार रंगांचे पुंजके. दुसरा सह-उद्धरणांचा. कुठलेही दोन जुने पेपर एकाच नव्या पेपराच्या संदर्भयादीत आले की त्यांच्यात रेघ. जितक्या वेळा आले तितकी रेघ जाड.

महिन्यापूर्वी मॅडमना एकदा घाईघाईत दाखवला होता, आता नीट दाखवायला मी प्रिंट घेऊन मिरवत लायब्ररीत गेले. मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हा लाल पुंजका 'सिद्ध पद्धती', हे नाव कुणी दिलं?"

"मी."

"मशीनने नाही ना? बरं. आणि आपल्या कपाटातल्या मराठी पुस्तिका कुठायत यात?"

"डेटाबेसमध्ये नाहीत, मॅडम. आणि दहापेक्षा कमी वेळा उल्लेख झालेले मीच गाळलेत."

"म्हणजे गेल्या वर्षीचा चांगला पेपरही गेला. त्याचं नाव घ्यायला अजून लोकांना वेळच कुठे मिळालाय." मग त्यांनी मधल्या मोठ्या वर्तुळावर बोट ठेवलं. "याचं एवढं नाव का घेतात सगळे?"

वर्तुळ होतं बारा वर्षांपूर्वीच्या एका पेपरचं. पोटॅशियमच्या कडक द्रावणात बी छत्तीस तास भिजवा, उगवण झकास. "महत्त्वाचा आहे म्हणून," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच.

"ते नकाशा सांगतो, की तू?"

मला असा संताप आला. पण बाईंनी खुर्ची ओढली, त्याचं नाव घेणारे पेपर माझ्याकडून छापून घेतले आणि निम्मे स्वतःकडे ठेवले. त्या पेपरचा उल्लेख असलेलं वाक्य शोधायचं आणि नेमकं काय म्हटलंय ते कागदावर लिहायचं, एवढंच काम. चहा दोनदा आला. एकतीस वाक्यं झाली. पाच जणांना फायदा दिसला होता. सात जणांनी नुसतं नाव घेतलं होतं. एकोणीस जणांनी लिहिलं होतं की आम्ही करून पाहिलं, जमलं नाही. आणि त्यातल्या काहींचं बी तर कुजलं होतं.

नकाशात या एकतीसही जणांची मोजणी सारखीच. कौतुकाला वेगळा रंग नाही, तक्रारीला वेगळा नाही. हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, लाज वाटली.

आणि मग आठवलं. रोहिदासमामाला मी हेच द्रावण सांगितलं होतं. कर्जतकडे त्याचं शेत, आणि राबाच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्याच्या, एका कोपऱ्यात माझा प्रयोग करायचं ठरलेलं. लागलीच फोन लावला.

"सकाळीच भिजवलं गं," मामा म्हणाला. "कोपऱ्यापुरतं कशाला, सगळंच टाकलं. तू यवडी शिकलेली."

"काढ ते आत्ताच्या आत्ता, मामा. दोन पाण्यांनी धू आणि साध्या पाण्यात ठेव."

"खोटं हाय का ते?"

"माहीत नाय मामा. लय लोकांनी त्याचं नाव घेतलंय, तेवढंच बघितलं मी. का घेतलं ते बघितलंच नाय."

"मग आता वाडीत जायला लागंल. मी तुजं नाव सांगितलं ना. चार घरांनी भिजवलंय."

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. मॅडमनी काही समजूत घातली नाही. लायब्ररीला कुलूप लावलं, पर्स उचलली आणि कर्जतची रिक्षा थांबवली.

तीन घरी मी सांगितलं, त्यांनी लगेच बी उपसलं. चौथं घर पारूबाईंचं. त्यांनी कालच भिजवलं होतं. पिंपात हात घालून त्यांनी मूठभर बी वर काढलं, वास घेतला. आंबूस येत होता. पेरणी चार दिवसांवर, नवं बी आणायला वेळ नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "न वाचताच सांगितलं."

पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "आणि तुमी कोण?"

"हिच्या कॉलेजातली लायब्ररीवाली. हे कशावरून, ते मी हिला आज दुपारी विचारलं, बाई," मॅडम म्हणाल्या. "ज्यावरून हिने हे सांगितलं तो कागद हिने मला गेल्या महिन्यातच दाखवला होता. तेव्हा घाईत होते, छान आहे म्हटलं."