नुसता फोटो

आमच्या कॉलेजच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून भद्रावतीचा मित्र रुसून निघून गेला होता. मुलगी पाहून आला की आम्ही त्याला छळायचो, ते त्याला लागलं. पुष्कळ विनवण्या करून त्याला परत जोडलं. महिनाभर तो काही बोलला नाही. मग एका दुपारी त्याने फोटो टाकला. दरी, धुकं, मागे डोंगर. खाली एक शब्द नाही.

आता चुकीचं बोललो तर गडी पुन्हा जाणार, ही तिघांनाही धास्ती.

कुरखेड्याच्या मित्राला वाटलं, जागा ओळखायची आहे.

"घोडाझरी होय का?"

लगेच त्याने दुसरा अंदाज टाकला.

"मंग चिखलदरा?"

"हो," एवढंच आलं. म्हणजे ओळखलं तरी स्वारी खूश नव्हती.

मी घरातला पहिला पदवीधर. ग्रुपमध्ये मजकुराचं काम आपसूक माझ्याकडे येतं, आणि मला त्याचा आनंदही आहे. फोटोखाली ओळ हवी असेल, असं समजून मी मन लावून लिहिलं, "धुक्याच्या दुलईत पहुडलेली दरी."

त्यावर त्याने अंगठासुद्धा दिला नाही.

सिंदेवाहीचा मित्र लग्नाचे फोटो काढतो. तो म्हणाला, "याले एडिटिंग पायजे. डोंगर तिरपा हाय, धुक्यानं फोटो फिका पडला." त्याने फोटो सरळ केला, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि ग्रुपवर परत टाकला. खरंच झकास दिसत होता. आम्ही दोघांनी वाहवा केली.

तेव्हा भद्रावतीहून एकच शब्द आला, "पाय."

आमच्याकडे पाहा म्हणायचं तर पाय म्हणतात. आम्ही पाहिलं.

"पाह्यलो," मी लिहिलं.

"पाय ना बे!"

"पायतोच हाय ना बे! डोंगर हाय, दरी हाय."

शेवटी त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे कोणीतरी खुदुखुदू हसत होतं. "अबे, पाह्यचा नाई, मानसाचा पाय! माह्या फोटोत खाली!"

मी वर सरकत त्याच्या मूळ फोटोवर गेलो. उभा फोटो ग्रुपमध्ये अर्धाच दिसतो. बोट लावून उघडला. खालच्या कोपऱ्यात, दगडावर, एक पाऊल. बोटांत नवी कोरी जोडवी.

गड्याने आम्हाला न सांगता चार माणसांत लग्न उरकलं होतं!

सिंदेवाहीचा हबकला. "अबे, फोटो सरळ केला का कोपरे कटतेच. म्या वहिनीलेच कापून टाकलं!"

पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तो हसणारा आवाज जवळ आला. "भाऊजी, पायच कापला, नशीब समजा."

मी विचारलं, "बाप्पा, नवी ओळ लिहू का?"

"काईच नोको लिहू," भद्रावतीचा म्हणाला. "रविवारी तिघंबी जेवाले या. अन् वहिनीसमोर माह्या जुन्या गोष्टी काहाडल्या, तं पाय!"

हा पाय कुठला, ते तिघांनाही लगेच कळलं.